स्वागताचे दीडशे शब्द

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये माझी बहीण राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा माझी भाची, नववीतली, जेवणाच्या टेबलावर एक वर्कशीट पुढ्यात घेऊन बसली होती. शाळेत तिचा सगळा अभ्यास हिंदी आणि इंग्रजीत. मराठी ती रविवारी शेजारच्या काकूंकडे शिकायला जाते. काकूंनी दिलेला प्रश्न असा होता : ‘तुमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तुम्हांला उपस्थितांचे स्वागत करायचे आहे. प्रमुख पाहुणे शहरातील ज्येष्ठ गायक आहेत. सुमारे दीडशे शब्दांत स्वागतपर भाषण लिहा. सुरुवात, शेवट आणि भाषा प्रसंगाला साजेशी असावी.’

“मावशी, हे तर सोपं आहे, मी लिहिलंय,” असे म्हणून तिने कागद माझ्याकडे सरकवला. तिचा मसुदा इथे जसाच्या तसा देते, कारण या प्रकरणात सांगायचे आहे ते बहुतेक सगळे त्यात सापडते.

‘आदरणीय मुख्य अतिथी महोदय, प्राचार्या महोदया, अतिथीगण आणि माझे प्रिय मित्र. आज आमच्या शाळेचा वार्षिकोत्सव आहे. या शुभ अवसरावर मी आपल्या सगळ्यांचे हार्दिक अभिनंदन करते. तुम्ही आपल्या व्यस्त वेळेतून वेळ काढून आलात यासाठी मी आपली खूप खूप आभारी आहे. आमचे शिक्षक आम्हाला फार चांगली शिक्षा देतात. या वर्षी आमच्या शाळेने खेळात, अभ्यासात आणि सर्व क्षेत्रांत प्रगती केली. शिक्षणाशिवाय माणसाच्या जीवनाला अर्थ नाही. आता मुले आपल्यासमोर रंगारंग कार्यक्रम प्रस्तुत करतील. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जय हिंद.’

हा मसुदा वाईट नाही. मुलीला प्रसंग कळलेला आहे आणि वाक्ये तुटलेली नाहीत. पण तो स्वागताचे काम करत नाही, आणि का करत नाही हे बघण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक कामाला स्वतंत्र जागा आणि बहुधा स्वतंत्र माणूस असतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अहवालवाचन, बक्षीस वितरण, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार प्रदर्शन. क्रम शाळेनुसार थोडा पुढेमागे होतो, कुठे स्वागत आणि प्रास्ताविक एकच जण करतो, पण कामे ठरलेली असतात. भाचीच्या मसुद्यात आभार आहेत, ते शेवटच्या वक्त्याचे काम. शाळेची प्रगती आहे, ती अहवालाची. शिक्षणाशिवाय जीवनाला अर्थ नाही, हे कदाचित पाहुणेच बोलणार आहेत. हे सगळे बाजूला काढले तर स्वागत म्हणून एकच वाक्य उरते आणि त्यातही ‘स्वागत’ हा शब्द नाही.

त्या एका वाक्यापाशी जरा थांबू. ‘हार्दिक अभिनंदन करते’ असे तिने लिहिले. हिंदीत हे बरोबर आहे. तिथे अभिनंदन हा शब्द स्वागतासाठीही सर्रास वापरतात. मराठीत मात्र अभिनंदन करायचे तर समोरच्याने काहीतरी मिळवलेले असावे लागते. परीक्षेत पहिला आलेल्याचे अभिनंदन. दारात आलेल्याचे स्वागत. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दही एक आणि अर्थ मात्र सरकलेला, असे शब्द या मुलांच्या लिहिण्यात हटकून येतात. सगळ्यांत अवघड जागा ‘शिक्षा’ची. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी पालकांनी भरलेल्या सभागृहात ‘आमचे शिक्षक आम्हाला फार चांगली शिक्षा देतात’ हे वाक्य उच्चारले गेले तर मुलीला म्हणायचे होते त्याच्या अगदी उलट काहीतरी ऐकू जाईल. ‘सादर’चेही तसेच. हिंदी निमंत्रणपत्रिकेत ‘सादर आमंत्रित’ म्हणजे आदरपूर्वक बोलावलेले. मराठीत आपण नाटुकले, नाच, गाणे सादर करतो. म्हणून तिच्या ‘प्रस्तुत करतील’च्या जागी ‘सादर करतील’ हवे. मुख्य अतिथीचे प्रमुख पाहुणे होतात, अवसराचा प्रसंग होतो.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे होणे स्वाभाविक आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला तो १८१०च्या सुमारास. त्या तळावरूनच शहराच्या या भागाला लष्कर हे नाव पडले, आणि त्या काळापासून इथे मराठी कुटुंबे राहत आली आहेत. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी असे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालले आहे. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते आणि अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. संमेलनाच्या परंपरेत स्वागताध्यक्ष असे एक वेगळे पदच असते. ज्या गावात संमेलन भरते त्या गावाच्या वतीने बोलणारा तो माणूस. संमेलनाचे अध्यक्षीय भाषण वाङ्मयाबद्दल असते, तर स्वागताध्यक्षाचे गावाबद्दल आणि आलेल्यांबद्दल. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागत करणारी नववीतली मुलगी लहान प्रमाणावर हेच करत असते : यजमानांच्या वतीने दारात उभी राहते.

‘स्नेहसंमेलन’ हा शब्द मी तिला मुद्दाम समजावून सांगितला. हिंदीतला वार्षिकोत्सव म्हणजे वर्षाचा उत्सव. महाराष्ट्रातली मुले बोलताना ‘गॅदरिंग’ म्हणतात, पण निमंत्रणपत्रिकेवर स्नेहसंमेलनच छापतात. त्यात प्रेमाने एकत्र जमणे आहे. भाषणाचा सूर कोणता असावा याचे उत्तर या नावातच मिळते. पदवीदान समारंभाचा ताठरपणा इथे नको आणि वाढदिवसाच्या पार्टीचा सैलपणाही नको. घरी कार्य आहे, आलेली माणसे मानाची आहेत आणि बोलणारी त्या घरातली मुलगी आहे, एवढे धरून चालले की शब्द आपसूक ठरतात. म्हणून ‘रंगारंग’ जाते, ‘खूप खूप’ जाते.

यानंतर संबोधन. मराठी सभेचा रिवाज असा की आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि शेवटी विद्यार्थी. सभा अध्यक्षांची असते, म्हणून पाहुणे कितीही मोठे असले तरी पहिले नाव अध्यक्षांचे. भाचीने अध्यक्षांना वगळलेच होते. पालकांनाही ‘अतिथीगण’मध्ये ढकलले होते. आपले नाव घेतले गेले नाही हे माणसाच्या चटकन लक्षात येते, आणि सभागृहातल्या बहुतेक खुर्च्यांवर पालकच बसलेले असतात. एका माणसाला एकच विशेषण पुरते. ‘सन्माननीय, आदरणीय, वंदनीय अध्यक्ष महोदय’ म्हटल्याने मान तिप्पट होत नाही, ऐकणारा फक्त पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. आणि कागदावर ‘मा.’ आणि ‘श्री.’ लिहिले असेल तर व्यासपीठावर ते ‘माननीय’ आणि ‘श्रीयुत’ असेच वाचायचे. पाहुण्यांचे नाव खरोखर घ्यायचे असेल तर ते स्वतः जसे लिहितात तसेच घ्यावे. ग्वाल्हेरमध्ये एकच घराणे मराठी बोलताना शिंदे आणि हिंदी बोलताना सिंधिया असते, त्यामुळे इथल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्कशीटमध्ये नाव दिलेले नव्हते. अशा वेळी नाव बनवू नये, पदाने संबोधावे.

संबोधनाचे शेवटचे रूपही तिला बदलावे लागले. ‘आणि माझे प्रिय मित्र’ हे हाक मारणे झाले नाही, यादी झाली. मराठीत हाक मारताना शब्दाचे रूप बदलते : मित्रांनो, मैत्रिणींनो, पालकहो. ‘मित्रांनो’मधल्या ‘त्रां’वर अनुस्वार हवा, कारण ते अनेकवचनाचे सामान्यरूप आहे. रांगेत शेवटच्या शब्दाला हे रूप दिले की सगळी रांग हाक बनते.

आता मी ज्या जागी तिच्यासोबत सर्वांत जास्त वेळ बसले, ती सांगते. तिच्या मसुद्यात एकाच वाक्यात ‘तुम्ही’, ‘आपल्या’ आणि ‘आपली’ आहेत. ‘तुम्ही आपल्या व्यस्त वेळेतून… मी आपली आभारी आहे.’ मराठीत ‘आपण’ दोन कामे करतो. समोरच्याला आदराने म्हणायचा तो एक आपण : ‘आपण बसावे.’ बोलणारा आणि ऐकणारा दोघांना मिळून म्हणायचा तो दुसरा : ‘चला, आपण जेवू या.’ आणि ज्यात ऐकणारा येत नाही तो ‘आम्ही’. हिंदीत ‘हम’ एवढाच शब्द आत घेणारा आणि बाहेर ठेवणारा अशा दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे हिंदीत शिकलेल्या मुलाला हा फरक जाणवतच नाही.

स्वागतभाषणात तर हा फरक पावलोपावली भेटतो. मुलगी पाहुण्यांकडे पाहून ‘आपल्या शाळेत आपले स्वागत’ म्हणाली तर पहिल्या ‘आपल्या’चा अर्थ काय? शाळा पाहुण्यांची? की सगळ्यांची? पाहुणे बाहेरून आले आहेत, म्हणून त्यांना ‘आमच्या शाळेत आपले स्वागत’ असेच म्हणायला हवे. आम्ही यजमान, आपण पाहुणे. पण तीच मुलगी पुढच्या वाक्यात पालकांकडे वळली आणि त्यांनाही ‘आमच्या शाळेत’ म्हणाली, तर पालक परके होतात. त्यांची मुले इथेच शिकतात. तिथे ‘आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन’ शोभते आणि तोच शब्द मायेचा होतो. भाचीला मी एवढेच सांगितले की प्रत्येक वाक्य लिहिताना आधी डोळ्यांसमोर आण, तू कोणत्या रांगेकडे बघते आहेस. पहिल्या रांगेकडे बघत असशील तर ‘आमची’, मागच्या रांगांकडे बघत असशील तर ‘आपली’. आणि ‘तुम्ही’ या भाषणात कुठेच नको, फक्त मित्रांशी बोलताना चालेल.

‘मी’ आणि ‘आम्ही’चाही असाच प्रश्न. तिने सगळीकडे ‘मी’ लिहिले होते. स्वागत एकटी मुलगी करत नाही, शाळा करते. ‘शाळेच्या वतीने मी स्वागत करते’ असे एकदा म्हटले की तिची भूमिका स्पष्ट होते. त्यानंतर ‘आम्ही’ ठेवावे.

सुरुवातीला काय बोलावे हा तिचा पुढचा प्रश्न. बहुतेक मुले सुविचाराने किंवा कवितेच्या दोन ओळींनी सुरू करतात, कारण वक्तृत्व स्पर्धेत तसे शिकवलेले असते. स्वागतात मला ते अनाठायी वाटते. पाहुणा दारात उभा असताना त्याला आधी सुविचार ऐकवत नाहीत. त्याऐवजी त्या संध्याकाळचे, त्याच शाळेचे काहीतरी बोलावे. मी तिला विचारले, “गेला महिना शाळेत काय चाललं होतं?” ती म्हणाली, “काही नाही, सगळे नुसते प्रॅक्टिसला पळायचे. मधल्या सुट्टीत डबासुद्धा कोणी धड खायचं नाही.” सुरुवात तिथेच मिळाली.

शेवटाची गोष्ट वेगळी. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ हा स्पर्धेतल्या भाषणाचा शेवट आहे. तिथे वक्ता बोलला की काम संपते. स्वागतानंतर कार्यक्रम सुरू होतो. म्हणून स्वागतभाषणाचा शेवट पुढच्या माणसाच्या हाती सूत्रे देऊन करायचा असतो : पुढे काय होणार ते सांगायचे आणि ज्याचे काम आहे त्याला विनंती करायची. टाळ्या मागायच्या नाहीत. पाहुण्यांना पुढची पाच मिनिटे कशात जाणार आहेत हे कळले की ते सैल होऊन बसतात.

लांबीचा हिशेबही करून घेतला. व्यासपीठावर सावकाश, थांबत थांबत बोलले तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द जातात. दीडशे शब्द म्हणजे दीड मिनिट. संबोधनातच पंधरा-वीस शब्द खर्च होतात, शेवटच्या विनंतीत तेवढेच. मध्ये उरतात शंभर-सव्वाशे. एवढ्यात पाहुण्यांचा सविस्तर परिचय बसत नाही आणि बसवूही नये, कारण परिचय करून देणारा वेगळा असतो. त्याने सांगायचे पुरस्कार आपणच सांगून टाकले तर त्याच्या हातात काही उरत नाही. स्वागतात पाहुण्यांबद्दल एकच गोष्ट बोलावी, आणि ती आपल्या शाळेशी किंवा गावाशी जोडलेली असावी. इथे पाहुणे गायक होते आणि गाव ग्वाल्हेर. ख्यालगायकीच्या एका मोठ्या घराण्याला ज्या शहराचे नाव आहे, भातखंड्यांच्या पुढाकाराने ज्या शहरात १९१८मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या मुलीला गायकाबद्दल बोलायला विषय शोधावा लागत नाही. मात्र त्यातले एकच घ्यायचे. तिने घराणे घेतले, साल सोडून दिले. ऐकणाऱ्याला सनावळी लागत नाही.

दुपारभर बसून तिने नव्याने लिहिलेले भाषण असे झाले.

‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजचे प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापिका, सर्व शिक्षक, पालक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

गेला महिनाभर मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत कोणी निवांत डबा खाल्ला नाही. कोणी घुंगरू शोधत होते, कोणी जिन्यात उभे राहून संवाद पाठ करत होते. ज्या संध्याकाळसाठी ही धावपळ चालली होती, ती आज आली आहे. या वार्षिक स्नेहसंमेलनात शाळेच्या वतीने मी सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

आजचे प्रमुख पाहुणे ज्येष्ठ गायक आहेत. ज्या शहराच्या नावाने ख्यालाचे घराणे ओळखले जाते, त्या शहरात आम्ही वाढतो. म्हणून एक गायक आज आमच्यासमोर बसले आहेत याचा आम्हांला विशेष आनंद आहे. गुरुजी, आमच्या शाळेत आपले स्वागत. अध्यक्ष महोदय, आमच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला आपण आवर्जून येता. आपलेही स्वागत.

पालकहो, एवढ्या थंडीत आपण आपल्या शाळेत आलात. पडद्यामागे उभी असलेली मुले आत्ता फटीतून आपल्यालाच शोधत आहेत. आपले स्वागत त्यांच्याकडून.

आता दीपप्रज्वलन होईल आणि त्यानंतर पाचवीची मुले स्वागतगीत सादर करतील. दीपप्रज्वलनासाठी मान्यवरांना मंचावर घेऊन यावे, अशी मी सूत्रसंचालकांना विनंती करते.’

दीडशेला थोडे शब्द कमी पडले आहेत. प्रश्नात ‘सुमारे’ असल्याने एवढे चालते. दोनशेच्या पुढे गेले असते तर मी कापायला लावले असते, आणि पहिला बळी घुंगरांचा गेला असता. ‘आपल्यालाच शोधत आहेत’ हे वाक्य माझ्या मते सगळ्यांत चांगले आहे. ते पूर्ण तिचे आहे. फटीतून आईला शोधण्याचे काम ती गेली आठ वर्षे करते आहे.

एक गोष्ट तपासणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी. कागदावर लिहिताना मी तिला ‘स्वागताचे’, ‘आपले’ अशी एकारान्त रूपे ठेवायला सांगितली, कारण लिखित उत्तरात तीच अपेक्षित असतात. बोलताना ‘आपलं स्वागत’ म्हणावे. ते कानाला जवळचे लागते. दोन्ही बरोबर आहेत. एकाच भाषणात मात्र एका ओळीत ‘आपले’ आणि दुसऱ्या ओळीत ‘आपलं’ असे मिसळू नये. तपासणाऱ्याला हे लगेच दिसते, आणि सभागृहात बसलेल्याला काय खटकले ते नेमके सांगता येत नाही, पण खटकते.

भाषण कागदावर झाले तरी ते कानाने तपासावेच लागते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भाचीने ते मोठ्याने वाचले आणि बहिणीने घड्याळ लावले. एक मिनिट पन्नास सेकंद. दोनदा वाचले तेव्हा दोन्ही वेळा ती एकाच शब्दापाशी अडखळली, ‘मनःपूर्वक’. त्यातला विसर्ग तिच्या तोंडी बसेना, आणि नेमका तोच शब्द स्वागताच्या वाक्यात, जिथे अडखळून चालणार नव्हते. तिने तो खोडला आणि वर लिहिले ‘मनापासून’. रविवारच्या वर्गात तो शब्द तसाच राहिला. काकूंनी त्याखाली रेघ मारली नाही.